बक्षीस दिलेले घर परत मिळते का?

महाराष्ट्रात आई किंवा वडिलांनी राहते घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावे बक्षीसपत्राने केले, तर त्या दस्तावर मुद्रांक शुल्क लागते केवळ २०० रुपये. स्थानिक संस्थेचा अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, पण बाजारभावावर लाखांनी शुल्क भरावे लागण्याचा प्रश्न उरत नाही. ही सवलत २०१५ पासून आहे आणि ती चांगल्या हेतूने दिली गेली. तिचा एक परिणाम मात्र असा झाला, की ‘पुढे भानगड नको, आत्ताच नावावर करून टाका’ हा सल्ला घराघरांत सहज दिला जाऊ लागला. आईने सही केली, दोन साक्षीदारांनी केली, दुय्यम निबंधकांसमोर अंगठ्याचे ठसे आणि फोटो झाले, की त्याच दिवशी घराची मालकी बदलते. मृत्युपत्र केले असते तर मालकी आईच्या निधनानंतर बदलली असती आणि तोवर ते कितीही वेळा फिरवता आले असते. बक्षीसपत्र असे मर्जीने फिरवता येत नाही.

त्यानंतर काही घरांत जे घडते ते आपण सगळेच ऐकून असतो. औषधे आणायची राहून जातात, जेवणाचे ताट वेगळे होते, आईचे सामान आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत येते आणि एक दिवस ‘काही दिवस ताईकडे राहून ये’ असे सांगितले जाते. अशा वेळी दिलेले घर परत घेता येते का? कायद्याचे उत्तर आहे, ‘होय, पण एका गोष्टीवर अवलंबून.’ ती गोष्ट कोणती, न्यायालयांनी तिचा अर्थ कसा लावला आणि तिच्यापायी कोण जिंकले, कोण हरले, याचा हा आढावा आहे.

जुना कायदा : दिले ते दिले

बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय, स्वखुशीने केलेले हस्तांतरण. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात त्याची व्याख्या कलम १२२ मध्ये आहे. स्थावर मालमत्तेचे बक्षीस नोंदणीकृत दस्तानेच आणि किमान दोन साक्षीदारांच्या सहीनेच होते, हे कलम १२३ सांगते. रद्द करण्याचा विषय कलम १२६ मध्ये येतो आणि त्याची दारे अरुंद आहेत.

पहिले दार म्हणजे आधी ठरलेली अट. अमुक घटना घडली तर बक्षीस रद्द होईल, असे देणारा आणि घेणारा दोघांनी मिळून ठरवले असेल, तर ती घटना घडल्यावर ते रद्द होऊ शकते. मात्र ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. ‘मला वाटेल तेव्हा मी हे परत घेईन’ अशी अट घातली, तर कायदा ती मानत नाही. ‘मुलाने सांभाळ केला नाही तर’ ही अट चालते, कारण सांभाळणे किंवा न सांभाळणे मुलाच्या हाती आहे, आईच्या नाही. दुसरे दार म्हणजे फसवणूक, दबाव किंवा गैरवाजवी प्रभाव. करार ज्या कारणांनी मोडता येतो त्याच कारणांनी बक्षीसही मोडता येते, पण मोबदला मिळाला नाही हे कारण त्यात बसत नाही. बक्षिसात मोबदला नसतोच.

ही दोन्ही दारे दिवाणी न्यायालयात उघडतात. दावा लावायचा, कोर्ट फी भरायची, साक्षीपुरावे द्यायचे आणि दस्त रद्द करून मागण्याची तीन वर्षांची मुदतही सांभाळायची. ही मुदत रद्द करण्याचे कारण कळल्यापासून मोजली जाते. पंच्याहत्तरीतल्या माणसाला हा रस्ता किती झेपणार, हे सांगायला नको.

येथेच एक चूक वारंवार होते. मुलगा बघत नाही म्हणून आई चिडून दुय्यम निबंधकांकडे जाते आणि एकटीच्या सहीने ‘बक्षीसपत्र रद्द केल्याचा लेख’ नोंदवते किंवा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देते. त्यातून मालकी परत येत नाही. स्वीकारले गेलेले बक्षीस, रद्द करण्याची अट ठरलेली नसताना, एकतर्फी मागे घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केले. अशा रद्दलेखावर विसंबून राहिले तर मधली वर्षे वाया जातात आणि त्या काळात घर विकले किंवा गहाण टाकले जाऊ शकते.

२००७ चा कायदा आणि त्याचे कलम २३

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम संसदेने २००७ मध्ये केला. तो राज्याराज्यांत वेगवेगळ्या तारखांना लागू झाला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून अमलात आला आणि २०१० मध्ये राज्याने त्याचे नियम केले. या कायद्याची ओळख बहुतेकांना दरमहा निर्वाह भत्ता देणारा कायदा अशी आहे. त्याचे कलम २३ मात्र थेट मालमत्तेला हात घालते.

कलमाचा आशय असा. कायदा लागू झाल्यानंतर एखाद्या ज्येष्ठ नागरिकाने आपली मालमत्ता बक्षीस म्हणून किंवा अन्य प्रकारे दुसऱ्याच्या नावे केली. घेणाऱ्याने त्याला मूलभूत सुविधा द्याव्यात आणि त्याच्या मूलभूत शारीरिक गरजा भागवाव्यात, या अटीवर ती केली. आणि घेणाऱ्याने ते नाकारले किंवा केले नाही. तर ते हस्तांतरण फसवणुकीने, दबावाने किंवा गैरवाजवी प्रभावाने झाले असे मानले जाईल आणि देणाऱ्याची इच्छा असल्यास न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवील.

जुन्या कायद्यात फसवणूक सिद्ध करावी लागत होती. नव्या कायद्यात अट आणि अटीचा भंग या दोन गोष्टी दाखवल्या, की फसवणूक झाली असे कायदाच गृहीत धरतो. सही करताना मुलाच्या मनात काय होते हे शोधण्याची गरज उरत नाही. एखादा मुलगा त्या दिवशी मनापासून सांभाळणार असेल आणि चार वर्षांनी त्याने पाठ फिरवली असेल, तरी परिणाम तोच. या एका गृहीतकामुळे काही वर्षांचा दिवाणी दावा काही महिन्यांच्या चौकशीवर येऊ शकतो.

या कलमातले बाकीचे शब्दही नीट वाचावे लागतात. ‘अन्य प्रकारे’ या शब्दांत हक्कसोडपत्र येते. वडिलांच्या निधनानंतर आईने आपला हिस्सा मुलाच्या लाभात सोडून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, तिलाही हे कलम लागू होऊ शकते. ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणजे वयाची साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती, त्यामुळे दस्ताच्या वेळी वय साठच्या आत असेल तर समोरून आक्षेप येऊ शकतो. घेणारा मुलगाच असला पाहिजे असे नाही. मुलगी, सून, पुतण्या, अगदी परका माणूसही चालतो. आणि इच्छा देणाऱ्याची आहे. दुसऱ्या भावंडांना ‘आम्हाला वाटा मिळाला नाही’ म्हणून हे कलम वापरता येत नाही. आईला स्वतःला अर्ज करणे शक्य नसेल, तर स्वयंसेवी संस्था तिच्या वतीने पुढे येऊ शकते.

महाराष्ट्रातला १ मार्च २००९ पूर्वीचा दस्त मात्र या कलमाच्या बाहेर राहतो. २००६ साली बक्षीसपत्र केलेल्या वडिलांना निर्वाह भत्ता मागता येतो, जुन्या कायद्याने दावा करता येतो, पण कलम २३ खाली घर मागता येत नाही.

अट कुठे आहे?

आता मूळ मुद्दा. बहुतेक बक्षीसपत्रांत सांभाळाची अट लिहिलेलीच नसते. उलट, तयार मसुद्यांत ‘नैसर्गिक प्रेम व माया यांपोटी, राजीखुशीने, कोणत्याही अटीशिवाय, कायमचे’ असे शब्द असतात. ते वाचून दाखवले जातात तेव्हा कुणाला खटकत नाहीत. वाद उभा राहिला की तेच शब्द आईच्या विरुद्ध वाचले जातात.

अट दस्तातच हवी की वागण्यातून, परिस्थितीतून ती समजून घेता येते, यावर उच्च न्यायालयांत सरळ मतभेद आहेत. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२० मध्ये सांगितले, की अट हस्तांतरणाच्या दस्तातच स्पष्ट लिहिलेली हवी. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये नागपट्टिनमच्या एका वृद्ध आईच्या प्रकरणात उलट भूमिका घेतली. म्हातारपणी आई आपली मालमत्ता प्रेमापोटी मुलाला देते, तेव्हा तो आपल्याला सांभाळील ही अपेक्षा त्या प्रेमातच असते. ती निराळी लिहून ठेवण्याची गरज नाही, असा त्या निकालाचा रोख होता. तेथे मुलगा वारला होता आणि सून सांभाळत नव्हती. दस्त रद्द करण्याचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला.

मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा एक निकाल याच धाग्यातला आहे. अंधेरीतल्या एका वडिलांनी पत्नीच्या निधनानंतर दुसरे लग्न केले. मुलगा आणि सून यांच्या आग्रहावरून त्यांनी फ्लॅटमधला निम्मा हिस्सा मुलाला बक्षीस दिला. नंतर मुलगा-सून वडिलांना सांभाळायला तयार होते, पण त्यांच्या दुसऱ्या पत्नीला नाही. न्यायाधिकरणाने बक्षीसपत्र रद्द केले आणि न्यायमूर्ती रणजित मोरे व न्यायमूर्ती अनुजा प्रभुदेसाई यांच्या खंडपीठाने ते कायम ठेवले. वडिलांना घरात ठेवायचे आणि त्यांच्या पत्नीला वाऱ्यावर सोडायचे, याला सांभाळ म्हणता येत नाही, हे त्यातून ठरले.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये मात्र हा धागा बराच आवळला. न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्यापुढे आईने मुलींच्या लाभात केलेल्या हक्कसोडपत्राचे प्रकरण होते. आईच्या अर्जात, सांभाळाच्या अटीवर आपण हक्क सोडला, असे कुठेही म्हटलेलेच नव्हते. न्यायालयाने सांगितले, की जवळच्या माणसांना मालमत्ता देताना प्रत्येक वेळी सांभाळाची अट असतेच असे नाही; अनेकदा ती निव्वळ मायेने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिली जाते. म्हणून कलम २३ चा आधार घेणाऱ्याने अट होती हे आधी मांडले पाहिजे आणि मग सिद्ध केले पाहिजे. आईचा अर्ज टिकला नाही.

हा निकाल कठोर वाटतो, पण त्याच्यामागचे कारण कायद्याच्या भाषेत आहे. संसदेने ‘अटीवर’ हे शब्द कलमात घातले आहेत आणि न्यायालयाला ते वगळता येत नाहीत. माझे मत असे, की मद्रास उच्च न्यायालय माणसांच्या मनातले बरोबर वाचते आणि सर्वोच्च न्यायालय कायद्यातले. या दोघांत जे अंतर उरते ते भरायचे काम संसदेचे आणि सरकारचे आहे. ते होईपर्यंत म्हाताऱ्या माणसाने मायेच्या अर्थावर विसंबून राहू नये.

छत्तरपूरची आई

अट दाखवता आली तर काय होते, हे मध्य प्रदेशातील छत्तरपूरच्या एका प्रकरणात पायरीपायरीने पाहता येते. आईने १९६८ मध्ये स्वतः घेतलेली मालमत्ता सप्टेंबर २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्राने दिली. मुलगा आईचा सांभाळ करतो, तिच्या सर्व गरजा पाहतो, असे बक्षीसपत्रातच नमूद होते. त्याच सुमारास मुलाने एक वचनपत्रही लिहून दिले, असे आईचे म्हणणे होते. आई-वडिलांचा शेवटपर्यंत सांभाळ करीन आणि तो केला नाही तर बक्षीस परत घेण्याचा आईला अधिकार राहील, असा त्या वचनपत्राचा आशय होता. मुलाच्या म्हणण्यानुसार ते वचनपत्र बनावट होते.

सव्वा वर्षातच, डिसेंबर २०२० मध्ये, आईने उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. आणखी मालमत्ता लिहून द्यावी म्हणून मुलाने आपल्यावर हल्ला केला, प्रेम आणि शांतता संपली, असे तिने सांगितले. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी बक्षीसपत्र रद्द ठरवले. मुलगा जिल्हाधिकाऱ्यांकडे अपिलात हरला, उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींपुढेही हरला. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने मात्र निकाल फिरवला. बक्षीसपत्रात स्पष्ट अट नाही, वचनपत्र हा वेगळा कागद आहे आणि न्यायाधिकरणाने फक्त बक्षीसपत्राकडे पाहावे, असे खंडपीठाचे म्हणणे होते.

२ जानेवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार आणि न्यायमूर्ती संजय करोल यांनी खंडपीठाचा निकाल रद्द केला. बक्षीसपत्र आणि वचनपत्र एकत्र वाचले, की सांभाळाची अट दिसते आणि ती पाळली गेली नाही हेही दिसते, असे त्यांनी ठरवले. हा कायदा वृद्धांना त्वरित आणि साधा उपाय देण्यासाठी केलेला आहे, म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, तांत्रिकतेने नव्हे. त्यापुढे त्यांनी आणखी एक शंका मिटवली. कलम २३ खाली दस्त रद्द करणाऱ्या न्यायाधिकरणाला, गरज असल्यास, घर खाली करून ताबा परत देण्याचा आदेशही देता येतो. नुसता कागद रद्द झाला आणि घरात मुलगाच राहिला तर आईला मिळाले काय? ताबा २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत परत द्यावा, असा आदेश झाला.

या निकालाची बातमी ‘मुलाने सांभाळले नाही तर बक्षीस रद्द’ अशा मथळ्यांनी पसरली. मथळा अर्धाच खरा आहे. न्यायालयाने अटीची गरज काढून टाकलेली नाही. अट कुठे आणि कशी शोधायची, यात ते उदार झाले आहे. २०२२ चा निकालही दोन न्यायमूर्तींचाच आहे आणि तो जागेवर आहे. दोन्ही एकत्र वाचले तर सरळ सांगता येते, की ज्या आईपाशी एक कागद, एक पत्र, एक ओळ आहे तिचा मार्ग मोकळा आहे. जिच्यापाशी फक्त विश्वास होता तिचा खडतर आहे.

अर्ज करायचा तर

महाराष्ट्रात अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात करायचा. निर्वाह न्यायाधिकरण तेच असते. वकील असलाच पाहिजे असे नाही. पद्धत संक्षिप्त चौकशीची आहे, पण शपथेवर साक्ष घेण्याचे, कागद मागवण्याचे अधिकार न्यायाधिकरणाला दिवाणी न्यायालयासारखे आहेत. आधी समेट अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवता येते आणि अनेक घरांत तेथेच तोड निघते. निर्वाह भत्त्याचा अर्ज समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत निकाली काढायचा असे कायदा म्हणतो, फार तर आणखी ३० दिवस. भत्त्याची कमाल मर्यादा मूळ कायद्यात दरमहा १० हजार रुपये आहे. निकाल विरुद्ध गेला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे ६० दिवसांत जाता येते.

समजा, नाशिकच्या एका बाहत्तर वर्षांच्या आजींनी २०२१ मध्ये मुलाला फ्लॅट दिला आणि आता त्या मुलीकडे राहतात. त्यांच्या अर्जात काय असावे? पहिल्याच परिच्छेदात अट यायला हवी : कोणत्या बोलण्यावर फ्लॅट दिला, ते बोलणे कुठे झाले, तेव्हा कोण हजर होते आणि त्याचा काही लेखी माग आहे का. बक्षीसपत्रात ‘मुलगा माझा सांभाळ करतो व पुढेही करील’ अशी एखादी ओळ असते, तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती अधोरेखित करायची. दस्ताच्या आधी-नंतरचे व्हॉट्सॲप संदेश, मुलाचे पत्र, सोसायटीला दिलेला अर्ज, दस्तावरच्या साक्षीदारांचे प्रतिज्ञापत्र, यांतून तीच अट पुन्हा दिसू शकते. हा मजकूर सुरुवातीच्या अर्जात नसेल तर पुढे तो घुसवणे अवघड जाते. २०२२ च्या प्रकरणात नेमके तेच झाले.

त्यानंतर भंग. ‘मुलगा बघत नाही’ एवढे पुरत नाही. कोणत्या महिन्यापासून औषधांचा खर्च मुलीने केला त्याची बिले, दवाखान्यात कोणी भरती केले त्याचे कागद, पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद, शेजाऱ्यांचे म्हणणे, असे तारखांसह मांडायचे. मुलाची बाजू सहसा ठरलेली असते : मी दरमहा पैसे पाठवतो, आई स्वतःहून गेली, बहिणीने भरीस घातले. पैसे पाठवणे हा सांभाळाचा एक भाग आहे, पण कायद्यातले शब्द सुविधा आणि शारीरिक गरजा असे आहेत. स्वयंपाकघराला कुलूप असेल तर खात्यावरचे पाच हजार रुपये त्याचे उत्तर होत नाहीत. बहिणीचा आरोप मात्र हलका घेऊ नये. अर्जामागे वाटणीचे भांडण आहे असे अधिकाऱ्याला वाटले, तर खरी उपेक्षाही झाकली जाते. आजींनी स्वतः हजर राहून स्वतःच्या शब्दांत सांगणे म्हणूनच फार महत्त्वाचे ठरते.

शेवटी मागणी नेमकी हवी. दस्त रद्द ठरवावा, ताबा द्यावा, सोसायटीच्या भाग दाखल्यावर आणि मिळकत पत्रिकेवर नाव पूर्ववत करावे, हुकमाची प्रत दुय्यम निबंधकांकडे जावी आणि निकाल लागेपर्यंत घर विकण्यास किंवा गहाण ठेवण्यास मनाई असावी. ही शेवटची मागणी सर्वांत आधी मांडावी. घर एकदा अनोळखी खरेदीदाराकडे किंवा बँकेकडे गेले, की प्रकरणात तिसरा माणूस येतो, तो आपल्या हक्कासाठी स्वतंत्रपणे भांडतो आणि सोपा उपाय सोपा राहत नाही. घर शेतजमिनीसह दिले असेल तर सातबाऱ्यावरचा फेरफारही याच मागणीत घ्यावा.

रस्ता जेथे अडतो

घरात सून राहत असेल तर आणखी एक हक्क उभा राहतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. बेंगळुरूच्या एका प्रकरणात १५ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की ज्येष्ठांच्या कायद्याची झटपट पद्धत वापरून सुनेचा हा हक्क पुसून टाकता येणार नाही. दोन्ही कायद्यांचा मेळ घालावा लागेल. त्या निकालाची गरज होती, कारण मुलगा आणि सासू-सासरे मिळून नकोशी झालेली सून घराबाहेर काढण्यासाठीही हा कायदा वापरतात. त्यामुळे ज्या घरात सुनेचीही तक्रार आहे, तेथे न्यायाधिकरण दोघींचे ऐकते आणि वेळ लागतो.

मार्च २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले, की मुलाला घराबाहेर काढणे हा प्रत्येक प्रकरणातला आपोआप लागू होणारा आदेश नाही. गरज असेल तरच तो द्यायचा. दस्त रद्द झाल्यावरही ताब्याची गरज का आहे, हे आजींना सांगावे लागते : राहायला दुसरी जागा नाही, एका छताखाली धोका आहे, भाड्यावर औषधपाणी चालवायचे आहे.

आणि मुदती कागदावर काहीही असोत, छत्तरपूरच्या आईला २०२० च्या अर्जावर अंतिम न्याय २०२५ मध्ये मिळाला. प्रांत अधिकाऱ्यांकडे महसूल, निवडणुका, कायदा-सुव्यवस्था हे सगळे असते आणि त्यातच हे काम. जिल्हाधिकाऱ्यांनंतर उच्च न्यायालयात रिट याचिका होते. अर्ज म्हणून लवकर करावा. मुलाशी बोलणी चालू ठेवून निर्वाह भत्त्याचा अर्ज आधी केला तरी घराचा मुद्दा त्याच अर्जात घ्यावा, कारण पुढच्या प्रत्येक महिन्यात घर हातचे जाण्याची शक्यता वाढते.

सहीपूर्वी

या सगळ्या निकालांतून जे शिकायचे ते सहीच्या आधी उपयोगी पडते. पहिला प्रश्न, आत्ता द्यायची गरज आहे का? नसेल तर मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे आणि मन बदलले तर ते बदलता येते. मुलाला कर्जासाठी, पुनर्विकासासाठी किंवा दुसऱ्या खऱ्या कारणासाठी मालकी आत्ता हवी असेल, तर बक्षीसपत्र करावे, पण त्यात दोन गोष्टी घालाव्यात.

पहिली म्हणजे हयातीतला हक्क. ‘मी हयात असेपर्यंत या घरात राहण्याचा आणि त्याचे उत्पन्न घेण्याचा हक्क मी माझ्याकडे राखून ठेवत आहे.’ बक्षीस वैध होण्यासाठी ताबा लगेच द्यावाच लागतो असे नाही. देणाऱ्याने हयातीतला उपभोग राखून ठेवला तरी बक्षीस टिकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे. हा हक्क असलेली आई घराबाहेर काढली जाणे कठीण होते आणि असे घर विकत घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही.

दुसरी म्हणजे अट, साध्या भाषेत. ‘हे बक्षीस मी या अटीवर देत आहे, की घेणाऱ्याने माझ्या व माझ्या पतीच्या हयातीत आमचे राहणे, जेवणखाण, कपडे, औषधोपचार आणि सेवाशुश्रूषा यांची व्यवस्था करावी. त्याने ती केली नाही, तर हे बक्षीस २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली रद्द करून घेण्याचा मला हक्क राहील. ही अट घेणाऱ्याला मान्य आहे.’ खाली मुलाची सही हवी, कारण कलम १२६ लाही दोघांचे मतैक्य लागते. जोडीदाराचे नाव आवर्जून घालावे. अंधेरीच्या प्रकरणातला सगळा वाद तेथेच होता. आणि तयार मसुद्यातले ‘कोणत्याही अटीशिवाय’ हे शब्द वाचून खोडून काढावेत.

अनेक आई-वडिलांना हे लिहून घ्यायचा संकोच वाटतो. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखे होते, असे ते म्हणतात. मला हा संकोच समजतो, पण तो महाग पडतो. ज्या मुलाला सांभाळायचेच आहे त्याचे या ओळीने काहीही जात नाही. आणि मुलगा चांगला असला तरी मुलाचा अपघात, त्याचे निधन, त्याचा घटस्फोट, त्याचे कर्ज यांपैकी काहीही घडू शकते. नागपट्टिनमच्या प्रकरणात मुलगाच उरला नव्हता आणि सून सांभाळत नव्हती.

तरीही ही काळजी प्रत्येक म्हाताऱ्या माणसावर सोपवणे न्याय्य नाही. कायद्याचा अर्थ माहीत नसलेली आई दुय्यम निबंधकांच्या टेबलापर्यंत येते, तिचा फोटो निघतो, ठसे घेतले जातात, पण सांभाळाची अट घालायची आहे का, हे तिला कोणी विचारत नाही. साठ वर्षांवरील व्यक्ती राहते घर बक्षीस देत असेल, तेव्हा हा प्रश्न छापील स्वरूपात विचारावा, तो तिच्या भाषेत वाचून दाखवावा आणि तिचे ‘हो’ किंवा ‘नाही’ दस्ताला जोडावे, एवढी तरतूद राज्य सरकारने नोंदणीच्या पद्धतीत करावी. शुल्क २०० रुपयांवर आणून सरकारने घर देणे सोपे केले. देणाऱ्याला एक प्रश्न विचारायला त्याहून फार खर्च येणार नाही. अट होती की नव्हती, या एका वादावर आज प्रांत कार्यालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वर्षे जात आहेत आणि त्या वादाचा मोठा भाग सहीच्या दिवशीच मिटवता येण्यासारखा आहे.